फोन वर्गात आहे, विद्यार्थ्याचं काय?

तीन-चारशे विद्यार्थ्यांच्या वर्गात नावं पुकारत बसलं तर तासाचा मोठा भाग हजेरीतच जातो. अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाच्या एका मोठ्या सभागृहात 2019 साली यावर ब्लूटूथचा उपाय वापरात होता. सभागृहात छोटे बीकन बसवलेले. विद्यार्थी आत आला की त्याच्या फोनमधलं अ‍ॅप त्यांचे सिग्नल ओळखायचं आणि हजेरीचे गुण परस्पर जमा व्हायचे. अशा यंत्रणा आता आपल्याकडच्या कॉलेजांनाही विकल्या जातात. म्हणून त्या नेमकं काय मोजतात, हे समजून घेतलेलं बरं.

बीकन तसा मुका असतो. समोर कोण आहे हे त्याला कळत नाही. तो सेकंदातून काही वेळा आपली ओळख तेवढी हवेत सोडतो: संस्थेचा क्रमांक, खोलीचा क्रमांक आणि एक मीटरवर आपला सिग्नल किती जोराचा मिळतो तो आकडा. फोनला प्रत्यक्षात मिळालेला जोर या आकड्याशी ताडून अ‍ॅप अंतराचा अंदाज बांधतं. सगळा घोळ या अंदाजात आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक मीटरवर सिग्नलचा जोर उणे 59 आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की तो साधारण 6 डेसिबलने घटतो. म्हणजे दोन मीटरवर उणे 65, चारवर उणे 71, आठवर उणे 77. नेहा बीकनपासून आठ मीटरवर बसली आहे, पण फोन तिच्या मागच्या खिशात आहे. ब्लूटूथच्या लहरी शरीरातलं पाणी चांगल्याच शोषून घेतं. मध्ये तिचंच शरीर आल्यामुळे आणखी 10 डेसिबल गेले, तर फोनला उणे 87 मिळतात. अ‍ॅपच्या गणितात नेहा 25 मीटरवर पोचते.

आता बाहेर पाहू. व्हरांड्यात, प्लायच्या पार्टिशनपलीकडे, त्याच बीकनपासून चार मीटरवर रोहन फोन हातात घेऊन उभा आहे. पार्टिशनने जेमतेम 3 डेसिबल खाल्ले. त्याला उणे 74 मिळतात, म्हणजे अंतर साडेपाच मीटर. तासाला बसलेली नेहा लांब आणि तास बुडवणारा रोहन जवळ! हद्द दहा मीटरची ठेवली तर नेहा गैरहजर ठरते आणि रोहन हजर. ती वाढवून नेहाला आत घेतलं, तरी रोहन हजरच राहतो. बीकन वाढवले तर नेहासारख्यांची सोय होते, पण रोहनला अडवण्याची भिंत काही उभी राहत नाही.

कॉलेजचं वाय-फाय वापरलं तर बीकनचा खर्च वाचतो, पण माप आणखी ढोबळ होतं. फोन कुठल्या अ‍ॅक्सेस पॉइंटला जोडलाय, एवढंच नोंदीतून कळतं. एकदा जोडलेला पॉइंट फोन सहजासहजी सोडत नाही. त्यामुळे वरच्या मजल्यावर गेलेला विद्यार्थीही बराच वेळ खालच्याच खोलीत दिसू शकतो. शिवाय हल्लीचे फोन आपला हार्डवेअर पत्ता लपवून नेटवर्कला दुसराच पत्ता दाखवतात. तेव्हा स्वतःच्या नावाने लॉगिन केल्याशिवाय फोन कोणाचा, हेही नक्की सांगता येत नाही.

आणि माप अचूक आलं तरी ते फोनचं असतं. मित्राच्या बॅगेत फोन दिला की प्रॉक्सी लागलीच. बीकनचे क्रमांक कायम तेच राहत असतील, तर कोणीही ते टिपून होस्टेलच्या खोलीतून तसाच सिग्नल सोडू शकतो. क्रमांक ठरावीक वेळाने बदलत ठेवले तर ही नक्कल अवघड होते, पण बॅगेतल्या दुसऱ्या फोनवर त्याचा इलाज नाही. उलट बाजूला बॅटरी संपलेला, लोकेशनची परवानगी नाकारलेला किंवा ज्याचं अ‍ॅप फोनने पार्श्वभूमीत बंद केलंय असा विद्यार्थी पहिल्या बाकावर बसूनही गैरहजर.

यंत्रणा विकत घेण्याआधी कॉलेजने एक सोपी चाचणी करावी. आठवडाभर शिक्षकांनी डोकी मोजावीत आणि अ‍ॅपच्या यादीशी ताडून पाहावीत. नुसती बेरीज जुळून भागणार नाही, कारण एक नेहा सुटली आणि एक रोहन घुसला तरी आकडा तोच येतो. नावं जुळवायला हवीत. काही फोन मुद्दाम खिशात, बॅगेत आणि व्हरांड्यात ठेवूनही पाहावं.

सिग्नलने तयार केलेली यादी कच्ची हजेरी म्हणून चालेल. त्याच तासाला ती विद्यार्थ्यांना दाखवावी आणि शिक्षकाला जागेवर दुरुस्त करता यावी. पण 75 टक्के भरले नाहीत म्हणून कोणाला परीक्षेला बसू द्यायचं नसेल, तर तो निर्णय एकट्या सिग्नलवर घेता कामा नये. सिग्नल मिळाला नाही, हा गैरहजेरीचा पुरावा नव्हे.