घोळका नेमका कधी पकडतो?

टूर द फ्रान्स टीव्हीवर पाहताना बहुतेकांना एकच प्रश्न पडतो: पुढे पळालेले दोघेतिघे आठ मिनिटांनी पुढे असताना मागचे दीडशे जण निवांत का दिसतात? २० जुलै २०१४चा टप्पा आठवला, तर उत्तर सापडतं.

टूरमध्ये असे २१ टप्पे, म्हणजे स्टेज, असतात. दिवसाला एक. प्रत्येकाला आपापला विजेता मिळतोच, शिवाय सगळ्या दिवसांच्या वेळांची बेरीज चालू असते. ज्याची बेरीज सर्वांत कमी, त्याच्या अंगावर पिवळी जर्सी. म्हणजे एकाच रस्त्यावर रोज दोन स्पर्धा चालतात, आणि त्यातल्या माणसांची उद्दिष्टं वेगळी असतात.

त्या दिवशी पंधरावा टप्पा होता, तालार ते नीम, २२२ किलोमीटर. सुरुवातीलाच न्यूझीलंडचा जॅक बाउअर आणि स्वित्झर्लंडचा मार्टिन एल्मिगर पुढे निसटले. हा झाला ब्रेकअवे. दोघेही एकूण क्रमवारीत बरेच मागे होते, त्यामुळे पिवळी जर्सीवाल्या विन्चेन्झो निबालीच्या संघाला त्यांच्यामागे धावायचं कारण नव्हतं. ते निसटले, त्याहीपेक्षा त्यांना जाऊ दिलं, असं म्हणणं जास्त खरं.

मागचा मोठा घोळका म्हणजे पेलोटॉन. वेगात सायकल चालवताना सर्वांत जास्त ताकद खाते ती समोरची हवा. घोळक्याच्या पोटात शिरलेल्याला तिचा मारा फारच थोडा सोसावा लागतो. पुढे कोणी राहायचं, हेही आलटून पालटून ठरतं. पळालेल्या दोघांना मात्र ही पाळी सतत येते. एक पुढे राहून हवा कापतो, दुसरा त्याच्या चाकामागे दम घेतो, लगेच अदलाबदल. असं जवळजवळ पाच तास!

शेवटी जागे होतात ते वेगवान स्प्रिंटरांचे संघ, कारण सपाट रस्त्यावर टप्पा जिंकायची संधी त्यांची. फार लवकर पकडलं तर नवे पळपुटे निघतील, म्हणून ते अंतर मुद्दाम हळूहळू कमी करतात. समालोचकांचा जुना आडाखा असा की दहा किलोमीटरमागे साधारण एक मिनिट भरून काढता येतं. डोंगर, वारा किंवा अरुंद वळणं आली की मात्र तो कोसळतो. म्हणून पडद्यावर नुसती मिनिटं पाहू नका, किती किलोमीटर उरलेत तेही पाहा.

नीममध्ये हा हिशेब केसभराने जमला. अखेरच्या काही मीटरवर, रेषा समोर दिसत असताना, घोळका बाउअरच्या अंगावर आला. नॉर्वेचा अलेक्झांडर क्रिस्टॉफ जिंकला, बाउअर दहावा. पलीकडे जाऊन तो रस्त्यातच रडला. निबाली घोळक्यातूनच आला, त्याची जर्सी शाबूत राहिली.