गच्चीवरच्या डिशसाठी कमिटीला पत्र

डिश बसवायला जागा हवी, असा दोन ओळींचा अर्ज सोसायटीच्या ऑफिसात आला की कमिटीच्या डोळ्यांसमोर आधी वरच्या मजल्याचं ओलं छत येतं. ही भीती रास्त आहे. डिशची तळपट्टी साधारणपणे चार बोल्टांनी बसवतात आणि त्यासाठी ड्रिल गच्चीच्या स्लॅबमध्ये गेलं, तर वरचा कोबा आणि वॉटरप्रूफिंग दोन्ही फुटतात. पावसाचं पाणी त्या भोकांतून झिरपतं, पण ओल कधी कधी बरंच लांब, भलत्याच खोलीत दिसते. मग दुरुस्ती कोणी करायची यावर वाद पेटतो. म्हणून चांगलं पत्र गळतीचं उत्तर आधी देतं.

समजा, ठाण्यातल्या पाच मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या सभासदाला डिश हवी आहे. गच्चीच का, हे त्याने पहिल्याच परिच्छेदात सांगावं. डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. ठाण्याहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५७ अंश उंचीवर येतो. घराच्या सगळ्या खिडक्या पश्चिमेला असतील तर तिथे लावलेल्या डिशला तो दिसणारच नाही. हे कारण कमिटीला पटतं, कारण ते कोणालाही गच्चीवर उभं राहून पडताळता येतं.

त्यानंतरचा मजकूर असा असावा: “डिशचा व्यास सुमारे ६० सेंटिमीटर आहे. स्लॅबला किंवा कठड्याला भोक न पाडता ती लोखंडी स्टँडवर बसवून स्टँडवर काँक्रीटचे ठोकळे ठेवीन. जागा पाण्याची टाकी, वीजरोधक आणि जाण्यायेण्याची वाट सोडून, सोबतच्या नकाशात दाखवल्याप्रमाणे असेल. केबल डक्टमधून नेईन. नुकसान झाल्यास खर्च माझा. गच्चीच्या दुरुस्तीच्या वेळी डिश स्वखर्चाने हलवीन.”

ठोकळ्यांच्या वजनात मात्र काटकसर नको. वारा डिशला ढकलतो आणि ती दोन-तीन अंश जरी फिरली तरी चित्र जातं. वजन किती लागेल, हे बसवणाऱ्या कारागिराकडून आधीच विचारून पत्रात लिहावं. केबलही मोजून घ्यावी. या घरासाठी पंचवीसेक मीटर पुरेल. ती फार लांबली तर सिग्नल क्षीण होतो.

गच्ची सोसायटीची सामाईक जागा आहे. त्यामुळे परवानगी मिळाली म्हणून तो कोपरा सभासदाचा होत नाही, आणि उद्या वीस घरांनी तेच मागितलं तर कमिटीला सगळ्यांचा विचार करावा लागतो. अशा वेळी एकाच डिशवरून मल्टिस्विचमार्फत अनेक घरांना जोडणी देता येते. “पुढे सामाईक डिश ठरल्यास मी माझी काढून घेईन”, एवढं वाक्य पत्रात असलं तर होकार सोपा होतो.

पत्राच्या दोन प्रती काढाव्यात. एक सेक्रेटरींना द्यावी, दुसरीवर तारखेसह पोच घ्यावी. कमिटीचं लेखी उत्तर हातात येईपर्यंत कारागिराला बोलावू नये. आणि तो आला की त्याच्यासोबत गच्चीवर स्वतः थांबावं, कारण त्याच्या पिशवीत ड्रिल असतंच.