एक रुग्ण, तीन पथ्ये

आहारशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना परीक्षेत एक हमखास प्रश्न येतो. एका रुग्णाची माहिती दिलेली असते आणि त्याचा दिवसभराचा आहार आखायचा असतो. आजार एकच असेल तर उत्तर फारसे अवघड नसते. पण मधुमेह, मूत्रपिंड आणि हृदय असे तिन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आले की भले भले गडबडतात. शिवाय असे रुग्ण परीक्षेपुरतेच असतात असे नाही, ते आपल्या घराघरांत आहेत. म्हणून असाच एक प्रश्न इथे सोडवून पाहू.

रुग्णाचे वय 58, पुरुष, काम बैठे. मधुमेह 14 वर्षांपासून, इन्सुलिन चालू. 2 वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. उंची 165 सेंटिमीटर, वजन 72 किलो, दोन्ही पायांवर सूज. रक्तदाब 150/90. क्रिएटिनिन 2.1, म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता साधारण 36 वर आलेली. 90 च्या पुढे असली तर ती चांगली समजतात. लघवीतून प्रथिने जातात. हिमोग्लोबिन 10.4. रक्तातले पोटॅशियम 5.6. मूत्रपिंड जपणारी रक्तदाबाची गोळी सुरू आहे. अंडी खातात, मासे-मटण नाही.

या माणसाच्या हातात बहुधा तीन कागद असतात. मधुमेहाचा कागद म्हणतो, मोड आलेली कडधान्ये, पालेभाज्या, डाळी भरपूर खा, साबुदाणा-भात टाळा. हृदयाचा कागद म्हणतो, फळे, भाज्या, सुकामेवा वाढवा, तेल अगदी कमी करा. मूत्रपिंडाचा कागद म्हणतो, डाळ कमी, पालेभाजी बेताने, फळे मोजून, सुकामेवा बंद. घरची माणसे तिन्ही कागदांवरचे ‘बंद’ तेवढे गोळा करतात आणि ताटात उरतो दोन फुलके आणि दुधी. महिन्या-दोन महिन्यांत दंड-मांड्या सुकायला लागतात. विद्यार्थीही नेमके हेच करतात आणि तिथेच त्यांचे गुण जातात.

तिन्ही याद्या एकावर एक रचून हा प्रश्न सुटत नाही. आधी ठरवायचे ते हे, की आज या माणसाला सगळ्यात जवळचा धोका कशाचा आहे. कोलेस्टेरॉल वर्षानुवर्षे काम करते, साखर महिनोन्महिने. पोटॅशियम मात्र काही तासांत हृदयाचे ठोके बिघडवू शकते. ते साधारण 3.5 ते 5 च्या दरम्यान असावे, इथे 5.6 आहे. त्यामुळे आखणी पोटॅशियमपासून सुरू होते.

पण लगेच केळी बंद, बटाटा बंद असे लिहून मोकळे व्हायचे नाही. पोटॅशियम वाढण्याची कारणे ताटाबाहेरही असतात. रक्तदाबाची ही गोळीच ते थोडे वाढवते. साखर फार चढली, रक्तातले आम्ल वाढले, बद्धकोष्ठता झाली, तरी ते वाढते. रक्त काढताना किंवा नेताना नमुन्यातल्या पेशी फुटल्या तर आकडा खोटाच जास्त येतो. म्हणून चांगल्या उत्तराची पहिली ओळ असते, तपासणी पुन्हा करून घ्यावी आणि औषधांबद्दल डॉक्टरांशी बोलावे. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. ती मूत्रपिंडाला जपते आहे, आणि ती चालू ठेवता यावी यासाठीच तर आहार सांभाळायचा.

आता स्वयंपाकघरात येऊ. पोटॅशियम पाण्यात उतरते. भाजी सोलून, बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी ओतून टाकायचे आणि मग फोडणी द्यायची. नुसते भिजवून ठेवण्यापेक्षा उकळून पाणी टाकल्याने पोटॅशियम जास्त निघते. कुकरमध्ये शिजवलेल्या भाजीतले मात्र तिथेच राहते, कारण पाणी टाकले जात नाही. आपल्याकडे खरी अडचण मायेची आहे. उकडलेल्या भाजीचे पाणी, डाळीचा कट, मुगाचे कढण यांत सगळे सत्त्व असते म्हणून आजारी माणसाला ते आग्रहाने पाजतात. या रुग्णासाठी नेमके तेच टाकायचे आहे. सूज आहे म्हणून लघवी मोकळी व्हावी या समजुतीने शहाळेही दिले जाते. एका पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात सुमारे 500 मिलिग्रॅम पोटॅशियम असते, म्हणजे या माणसाच्या दिवसभराच्या वाट्याचा चौथा हिस्सा.

आणखी एक सापळा मिठाचा. दिवसभराचे सगळे मिळून मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर ठेवायचे. लोणचे, पापड, फरसाण, पाव आणि खाण्याच्या सोड्यातले सोडियमही त्यातच धरायचे. हे ऐकून मुलगा दुकानातून ‘कमी सोडियमचे’ मीठ आणतो. त्यात सोडियमची जागा बहुधा पोटॅशियम क्लोराइडने घेतलेली असते. रक्तदाबाच्या एरवीच्या रुग्णाला ते चालू शकते, याला ते घातक आहे. सैंधवाचाही उपयोग नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. लिंबू, चिंच, आले, लसूण, जिरे, कढीपत्ता यांनी चव आणायची. ज्वारीची भाकरी मिठाशिवाय करायची आपली रीत इथे फार कामाला येते.

पुढची पायरी प्रथिनांची. मूत्रपिंड अशक्त असले आणि डायलिसिस सुरू नसले तर मार्गदर्शक सूत्र आहे, वजनाच्या प्रत्येक किलोमागे 0.8 ग्रॅम. इथे बरेच विद्यार्थी 72 ला 0.8 ने गुणतात. पण त्या 72 किलोंत सुजेचे पाणी आहे, आणि पाण्याला प्रथिने लागत नाहीत. 165 सेंटिमीटर उंचीला शोभणारे वजन साधारण 62 किलो. त्याला 0.8 ने गुणले की 50 ग्रॅम येतात. उष्मांक बैठ्या कामामुळे किलोमागे 27 धरू, म्हणजे 1,675 च्या आसपास.

50 ग्रॅम प्रथिनांची वाटणी अशी होते. गायीचे दूध आणि दही मिळून 250 ग्रॅम, त्यातून 8. दोन अंड्यांच्या पांढऱ्यातून 7. पिवळे काढल्याने फॉस्फरस आणि चरबी दोन्ही टळतात. भिजवून, पाणी बदलून शिजवलेल्या 30 ग्रॅम मूगडाळीतून 7. दोन भाकऱ्या, दोन फुलके, थोडा भात आणि सकाळचे मूठभर पोहे मिळून 220 ग्रॅम धान्यातून 21. भाज्या आणि एक सफरचंद मिळून 6. बेरीज 49. गणित जुळले असे वाटते.

पण उष्मांकांची बेरीज करा. 25 ग्रॅम तेल धरूनही ती 1,400 च्या आसपासच थांबते. अडीचशेहून अधिक उष्मांकांची ही तूट म्हणजे या प्रश्नाची खरी परीक्षा. शरीराला इंधन कमी पडले की ते खाल्लेली प्रथिने आणि स्वतःचे स्नायूही जाळते. त्यातून युरिया वाढतो, म्हणजे प्रथिने कमी करून जे साधायचे होते ते हातचे जाते. ही भर कशाने घालायची? डाळ वाढवली तर प्रथिने आणि पोटॅशियम वाढतात, साखर-गूळ मधुमेहाला चालत नाहीत, तूप-लोणी हृदयाला नको. उरतात तेल आणि जवळजवळ प्रथिने नसलेला साबुदाणा.

तेल 25 वरून 35 ग्रॅम, म्हणजे दिवसाला सात छोटे चमचे करायचे. शेंगदाणा, करडई, राइस ब्रॅन असे कोणतेही चालेल. हृदयरुग्णाला इतके तेल ऐकून घरचे दचकतात, पण या आखणीत सगळ्या स्निग्धांशाचा वाटा एकूण उष्मांकांच्या तीस टक्क्यांच्या आतच राहतो, आणि त्यात घातक संपृक्त चरबी थोडी असते. साबुदाणा 30 ग्रॅम, शेंगदाण्याच्या कुटाशिवाय, पाणी टाकलेल्या भाज्या घालून. त्याने साखर चढते हे खरे, म्हणून तो एकटा फराळाला द्यायचा नाही. इन्सुलिन घेऊन होणाऱ्या जेवणात, त्यातल्या कर्बोदकांत धरूनच द्यायचा. जोडीला धान्य 15 ग्रॅम वाढवले की बेरीज 1,650 च्या पुढे जाते आणि प्रथिने पन्नाशीतच राहतात.

ज्वारी-गव्हात फॉस्फरस आहे म्हणून मैदा आणि पांढऱ्या तांदळावर आणण्याची जुनी पद्धत आता सैल झाली आहे. धान्य-डाळींतला फॉस्फरस अशा रूपात बांधलेला असतो की आतड्यातून त्याचा थोडाच भाग शोषला जातो. कोलासारखी पेये, प्रक्रिया केलेले चीज, पाकीटबंद मांस यांत वरून घातलेला फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळा रक्तात जातो. भाकरी राहू द्यावी, पाकिटे काढावीत.

इन्सुलिनबद्दलही घरात सांगून ठेवले पाहिजे. मूत्रपिंड मंदावले की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते. साखर आपोआप कमी येऊ लागली, इन्सुलिन कमी पुरू लागले, की घरात आनंद होतो. पुष्कळदा ती मूत्रपिंड आणखी खालावल्याची खूण असते. साखर एकदम उतरून घाम, थरथर सुरू झाली तर संत्र्याचा रस द्यायची सवय इथे मोडायची, कारण त्यातही पोटॅशियम भरपूर असते. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचे. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडाही इथे पूर्ण भरवशाचा नाही. रक्त कमी असले की तो फसवू शकतो, म्हणून घरच्या मशीनवरचे आकडे वहीत हवेत.

ही आखणी फक्त या रुग्णाची आहे. हाच माणूस पोटॅशियम 4.3 घेऊन आला असता तर भाजी उकळून पाणी टाकायची गरज नव्हती, फळेही वाढवता आली असती आणि हृदयाला त्याचा फायदाच झाला असता. म्हणून आठवड्याभरात पोटॅशियम पुन्हा तपासायचे आणि ते खाली आले की बंधने एकेक करून सैल करायची. सूज उतरताना वजन घटते ते चांगले. सूज गेल्यावरही घटत राहिले, घड्याळ मनगटावर सैल व्हायला लागले, तर जेवण कमी पडते आहे.

परीक्षक कधी कधी याला उपप्रश्न जोडतात: काही वर्षांनी याच रुग्णाचे डायलिसिस सुरू झाले, आता काय बदलाल? इथे अर्धा वर्ग जुनाच आहार पुढे चालवतो, आणि पुष्कळ घरांतही तसेच होते. डायलिसिसमध्ये रक्ताबरोबरची अमिनो आम्लेही वाहून जातात, त्यामुळे गरज उलटी वाढून किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम होते. 62 किलोंना किमान 62 ग्रॅम. दोन पांढऱ्यांची चार करायची, पनीर थोडे आणायचे, डाळ वाढवायची, आणि ज्या माणसाला इतकी वर्षे ‘प्रथिने कमी’ असे बजावले, त्याला शेजारी बसून सांगायचे की ते पथ्य आता संपले.