शिकवणीचे पत्रक : ओले धान्य वर ठेवा

माझी भाची रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. दोन वर्षांपासून ती घरीच मोहल्ल्यातल्या मुलामुलींच्या शिकवण्या घेते. शाळा सुरू होण्याआधी पालकांना देण्यासाठी तिने एक पत्रक लिहिले आणि मला दाखवायला आणले. त्यात लिहिले होते : "पाचवी ते दहावी, सर्व विषय, सर्व बोर्ड. वैयक्तिक लक्ष. १०० टक्के निकाल. गतवर्षी विद्यार्थिनीला दहावीत ९१ टक्के."

मी विचारले, "यातलं खोटं काय आहे?"

ती म्हणाली, "खाला, खोटं काहीच नाही. सगळी मुलं पास झाली आणि त्या मुलीला खरंच ९१ टक्के मिळाले."

मग आम्ही दोघी वही घेऊन बसलो. पालकांच्या हाती असे पत्रक आले तर काय विचारावे आणि शिकवणाऱ्याने काय लिहावे, हे त्या दुपारी स्पष्ट झाले.

९१ टक्क्यांचा हिशेब

राज्य मंडळाच्या दहावीला सहा विषय असतात. पण टक्केवारी काढताना सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरले जातात. या मुलीचे गुण असे होते : मराठी ९०, हिंदी ९२, इंग्रजी ८७, विज्ञान ९१, सामाजिक शास्त्रे ९५. बेरीज ४५५, म्हणजे ५०० पैकी ९१ टक्के. गणितात तिला ५८ होते आणि तोच विषय टक्केवारीतून गळला होता. भाचीने तिला शिकवले होते फक्त गणित!

म्हणजे पत्रकातला आकडा खरा होता, पण त्या यशात शिकवणीचा वाटा नव्हता. म्हणून पालकांनी एकूण टक्केवारी न विचारता, जो विषय शिकवला त्या विषयाचे गुण विचारावेत. शिकवणीला येण्यापूर्वी मूल कुठे होते, हेही विचारावे. ९० गुणांचे मूल ९२ वर गेले, तर त्यात त्याची स्वतःची तयारीच अधिक असते.

मागच्या वर्षी तिच्याकडे गणिताला दहावीची सहा मुले होती. त्यांतल्या एकाने डिसेंबरमध्ये शिकवणी सोडली. उरलेल्या पाच जणांचे नववीचे आणि दहावीचे गुण आम्ही शेजारी शेजारी मांडले : ४१ वरून ६३, ५५ वरून ७१, ७२ वरून ८८, ३५ वरून ४६ आणि ६० वरून ५८. नववीची परीक्षा शाळा घेते आणि दहावीची मंडळ, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. शिवाय दोन्हीकडे २० गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. तरी "१०० टक्के निकाल" या शब्दांपेक्षा हे पाच आकडे पालकांना कितीतरी जास्त सांगतात.

सर्व विषय, सर्व बोर्ड?

"विज्ञान भाग दोनमधली आनुवंशिकता शिकवशील का?" असे विचारल्यावर ती गप्प झाली. भौतिक आणि रसायनशास्त्र तिचे पक्के आहे, जीवशास्त्र नाही. म्हणून पत्रकात "गणित आणि विज्ञान भाग एक" एवढेच राहिले.

बोर्डाचेही तसेच. राज्य मंडळाच्या दहावीला बीजगणित आणि भूमिती अशा ४० गुणांच्या दोन वेगळ्या प्रश्नपत्रिका असतात. सीबीएसईची ८० गुणांची एकच असते आणि तिथे 'स्टँडर्ड' आणि 'बेसिक' असे गणिताचे दोन स्तर आहेत. जीएसटी आणि शेअर्सचे प्रकरण राज्य मंडळाच्या पुस्तकात आहे, सीबीएसईच्या दहावीच्या गणितात नाही. आयसीएसईमध्ये भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र यांच्या स्वतंत्र प्रश्नपत्रिका असतात. भाचीने आजवर राज्य मंडळाचीच मुले शिकवली आहेत. सीबीएसईचे मूल ती घेऊ शकते, पण मग पहिल्या वर्षी तीही त्या पुस्तकांचा अभ्यास करत असेल. ते पालकांना आधीच कळले पाहिजे.

आपल्या घरांसाठी माध्यमाचा प्रश्न त्याहून मोठा आहे. उर्दू माध्यमाच्या मुलाच्या पुस्तकात त्रिकोण म्हणजे 'मुसल्लस' आणि कोन म्हणजे 'ज़ाविया'. सेमी-इंग्रजीत तेच 'ट्रँगल' आणि 'अँगल'. शिकवणारी मराठी माध्यमातली असेल, तर मुलाला गणित येते पण परीक्षेतला प्रश्न वाचता येत नाही, असे होते. भाचीला उर्दू वाचता येते; पण उर्दूतून गणित शिकवायचा अनुभव तिला नाही. तिने तसेच लिहिले.

'वैयक्तिक लक्ष' म्हणजे नेमके काय?

हे शब्द प्रत्येक पत्रकात असतात, म्हणून त्यांतून काहीच कळत नाही. त्याऐवजी एका तासात काय होते ते लिहावे. भाचीच्या तासात पहिली दहा मिनिटे आदल्या दिवशीच्या चुका, मग पंचवीस मिनिटे नवा भाग, मग वीस मिनिटे मूल एकट्याने गणिते सोडवते आणि ती मध्ये बोलत नाही. शेवटची पाच मिनिटे चुकांच्या वहीची. चूक सूत्राची होती, आकडेमोडीची होती की प्रश्न न समजल्याची, हे मूल स्वतः लिहिते. शनिवारी २० गुणांची चाचणी होते आणि तपासलेला पेपर घरी जातो.

आठ-दहा आठवड्यांचे हे पेपर एकत्र ठेवले की पालकांना दहावीची वाट पाहावी लागत नाही. दर आठवड्याला तीच चूक दिसत असेल, तर पद्धत त्या मुलाला लागू पडत नाही. ५८ गुणांच्या मुलीचे पेपर पुन्हा पाहिले, तेव्हा भूमितीच्या सिद्धतांमध्ये ती सतत अडकल्याचे दिसले. भाचीने मात्र बराच वेळ बीजगणितावर घालवला होता. हे आता तिलाही कळले.

नवे पत्रक

शेवटी पत्रक असे झाले :

"शिक्षण : बी.एस्सी. (रसायनशास्त्र). कोणत्याही शाळेत नोकरी नाही. इयत्ता आठवी ते दहावी, राज्य मंडळ, मराठी आणि सेमी-इंग्रजी माध्यम. विषय : गणित, विज्ञान भाग एक. जीवशास्त्र शिकवत नाही. सीबीएसई आणि उर्दू माध्यम शिकवण्याचा अनुभव नाही. एका वेळी जास्तीत जास्त चार मुले. मुलींचा गट वेगळा. गतवर्षी दहावी गणिताला सहा मुले, एकाने मध्येच सोडले. पाचपैकी चार जणांचे गुण नववीपेक्षा ११ ते २२ ने वाढले, एकीचे २ ने कमी झाले. गुणांची हमी देत नाही. रमजानात वेळ तरावीहच्या आधी संपेल अशी ठेवते. महिनाभरानंतर पेपर पाहून पुढे ठेवायचे की नाही ते ठरवावे."

नोकरीचा उल्लेख मुद्दाम आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शाळेतील शिक्षकांना खाजगी शिकवणी घेण्यास मनाई आहे. मुलांची नावे, फोटो किंवा गुणपत्रिका पत्रकात टाकल्या नाहीत. त्या त्या घरच्या गोष्टी आहेत.

भाची थोडी नाराज होती. "खाला, दोनने कमी झाले हे वाचून कोण येईल?"

मी तिला धान्याच्या ढिगाची आठवण करून दिली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात एका ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी त्याला विचारले. पाऊस पडणे हा त्या माणसाचा दोष नव्हता, ओले धान्य खाली दडवणे हा होता.

पत्रक तिने तसेच छापले. जूनमध्ये एक आई आली, तिने फक्त त्या दोन गुणांबद्दल विचारले. भाचीने भूमितीची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "माझ्या मुलीचंही भूमितीतच अडतं. उद्यापासून पाठवते."