किरणाकृतीतला उलटा बाण

माझी भाची मानवतला असते आणि यंदा दहावीला आहे. परवा तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. पाठ ‘भिंगे व त्यांचे उपयोग’, आकृती बहिर्वक्र भिंगाची आणि सोबत प्रश्न: “मामा, सरांनी प्रतिमेच्या बाणाला लाल गोल केलाय. उलटी तर काढलीय, मग चुकलं काय?”

आकृती टापटीप होती. मधोमध भिंग, त्यातून जाणारा आडवा मुख्य अक्ष, दोन्ही बाजूंना नाभी F1 आणि F2, आणि डावीकडे अक्षावर उभा बाण म्हणजे वस्तू. नाभीय अंतर १० सें.मी., वस्तू भिंगापासून ३० सें.मी. असं गणित होतं. कागदावर ५ सें.मी.ला १ सें.मी. असं प्रमाण घेतलेलं. म्हणजे F2 भिंगापासून २ सें.मी.वर आणि वस्तू ६ सें.मी.वर. बाणाची उंची २ सें.मी. प्रतिमेचा उलटा बाण तिने नेमका F2 वर काढला होता.

फोटो तिरपा घेतलेला असला की अंतरं मोजण्यात अर्थ नसतो, कारण पानाची जवळची कड मोठी आणि लांबची लहान दिसते. पण सरळ रेघ मात्र फोटो कसाही घेतला तरी जवळपास सरळच उमटते. म्हणून मी मोबाइलच्या पडद्यावर पट्टी लावून फक्त रेघा तपासल्या. भिंगाच्या मध्यातून, म्हणजे प्रकाशीय मध्य O मधून जाणारा किरण O पाशी किंचित मोडलेला होता. दुसरा, अक्षाला समांतर येणारा किरण भिंगातून वाकून F2 पर्यंत आला होता आणि तिथेच थांबला होता. सगळी चूक या दोन जागी होती.

फोन केला तेव्हा ती म्हणाली, “पण मामा, भिंगातून गेलेले किरण नाभीतच एकत्र येतात ना?” बहुतेक मुलांचा घोळ इथेच होतो. नाभीत एकत्र येतात ते अक्षाला समांतर आलेले किरण. सूर्यासारख्या अतिदूरच्या वस्तूच्या एका बिंदूपासून येणारे किरण भिंगापाशी पोचेपर्यंत एकमेकांना समांतर झालेले असतात, म्हणून सूर्याची प्रतिमा नाभीपाशी पडते. ३० सें.मी.वरच्या बाणाच्या टोकापासून निघालेले किरण मात्र पसरतच भिंगावर येतात. त्यांतला एखादाच अक्षाला समांतर असतो, आणि तोही F2 मधून पुढे जातो, थांबत नाही. प्रतिमा कुठे आहे ते एकट्या किरणावरून सांगता येतच नाही. एकाच बिंदूतून निघालेले किरण भिंगापलीकडे जिथे पुन्हा एकमेकांना छेदतात, तिथे त्या बिंदूची प्रतिमा असते.

मग तिला आकृती नव्याने काढायला लावली. बाणाच्या टोकापासून पहिला किरण अक्षाला समांतर नेऊन भिंगापाशी वाकवायचा आणि F2 मधून खाली सोडून द्यायचा. दुसरा टोकापासून O मधून थेट सरळ न्यायचा. O पाशी भिंगाचे दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना समांतर असतात, त्यामुळे आत शिरताना किरण जितका वळतो तितकाच बाहेर पडताना उलटा वळतो आणि मूळ दिशेनेच जातो. थोडा बाजूला सरकतो खरा, पण भिंग पातळ असेल तर ते सरकणं सोडून देता येतं. जाड भिंगाला ही सवलत नाही.

हे दोन किरण भिंगापासून ३ सें.मी.वर, अक्षाच्या खाली १ सें.मी.वर छेदतात. प्रमाणाने हिशेब केला तर प्रतिमा १५ सें.मी.वर, म्हणजे F2 आणि 2F2 यांच्या मधे, आणि उंचीने वस्तूच्या निम्मी. पडताळ्यासाठी तिसरा किरण असतो. टोकापासून F1 मधून जाणारा किरण भिंगापाशी अक्षाच्या १ सें.मी. खाली येतो, तिथून समांतर निघतो आणि त्याच बिंदूतून जातो. तिन्ही रेघा एका ठिकाणी आल्या नाहीत तर पट्टी हलली असं समजावं. सूत्रही तेच सांगतं. चिन्ह संकेतानुसार u = −30, f = 10 घेतलं की

1/v = 1/10 − 1/30 = 1/15

म्हणून v = 15. विशालन v/u, म्हणजे 15 भागिले −30, उत्तर −1/2. हे ऋण चिन्हच ‘उलटी’ असं सांगतं. परीक्षेत ते गाळून ‘अर्धी’ एवढंच लिहिणारी मुलं खूप आहेत.

आता प्रतिमा उलटी का? भाचीचं उत्तर होतं, “किरण F2 मध्ये अक्ष ओलांडतात म्हणून.” पण O मधून जाणारा किरण F2 मधून जातच नाही, तो भिंगातच अक्ष ओलांडतो. खरं उत्तर या मधल्या किरणात आहे. टोकाची प्रतिमा कुठेही पडो, ती या सरळ रेघेवरच पडणार, कारण हा किरणही टोकापासूनच निघाला आहे. अक्षाच्या वरून येणारी सरळ रेघ O मधून पलीकडे गेली की ती अक्षाच्या खालीच असते. प्रतिमा भिंगापलीकडे पडली तर टोक खाली येण्यावाचून मार्गच नाही.

याच रेघेवरून उलट बाजूही समजते. वस्तू F1 आणि भिंग यांच्या मधे ठेवली तर किरण पलीकडे छेदतच नाहीत. ते मागे वाढवले की वस्तूच्याच बाजूला, वस्तूपेक्षा लांब, मिळाल्यासारखे भासतात. त्या बाजूला ही रेघ अक्षाच्या वर आहे, म्हणून प्रतिमा सुलट, आभासी आणि मोठी. बारीक अक्षरं वाचायला आपण भिंग धरतो ते असंच.

घरी आजोबांचा वाचायचा चष्मा असेल तर हे प्रत्यक्ष बघता येतं. +२ नंबरच्या काचेचं नाभीय अंतर ५० सें.मी. असतं. भाचीने खोलीत अंधार करून एकच खिडकी उघडी ठेवली, एक काच झाकली आणि दुसऱ्या काचेमागे अर्ध्या मीटरवर पांढरा कागद धरला. मानवतला हे कापसाचे दिवस. समोरच्या रस्त्यावरचा भरलेला टेम्पो कागदावर चाकं वर करून उमटला. दहा मीटरवरच्या वस्तूची प्रतिमा सुमारे ५३ सें.मी.वर पडते, म्हणून कागद जरा मागे न्यावा लागतो. अडीच मीटर उंचीचा टेम्पो कागदावर १३ सें.मी.चा होतो. टेम्पो पूर्वेकडे निघाला तर कागदावरचा पश्चिमेकडे सरकतो. कारण मधला किरण वरचं खाली नेतो तसंच पूर्वेचं पश्चिमेला नेतो. वहीतली आकृती सपाट असल्याने ही दुसरी अदलाबदल तिच्यात दिसत नाही.

मग मी तिला विचारलं, “अर्धी काच पुठ्ठ्याने झाकलीस तर काय होईल?” “अर्धा टेम्पो जाईल.” झाकून बघितलं तर टेम्पो पूर्ण होता, फक्त अंधूक झाला होता. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण भिंगाच्या सगळ्या भागांवर पडतात, त्यामुळे उरलेला अर्धा भागही पूर्ण प्रतिमा तयार करतो. आकृतीत आपण दोन-तीन किरण काढतो ते केवळ त्यांचा मार्ग आधीपासून ठाऊक असतो म्हणून. प्रत्यक्षात असंख्य किरण त्याच बिंदूवर येतात. काठाजवळचे किरण मात्र किंचित अलीकडे मिळतात, म्हणून प्रतिमेची कड थोडी पुसट दिसते.

आपल्या डोळ्यातही पडद्यावर उलटीच प्रतिमा पडते, हे केप्लरने १६०४ साली किरणांच्या याच हिशेबाने दाखवलं. भाचीने पानाचा फोटो काढला तेव्हा मोबाइलच्या आतही ते पान उलटंच उमटलं होतं. यंत्रणा ते फिरवून पडद्यावर सुलट दाखवते.

सुट्टीत मुलांना हा प्रयोग जरूर करू द्या. पण चष्मा असो की भिंग, त्यातून सूर्याकडे कुणालाही बघू देऊ नका, आणि काम झालं की भिंग उन्हात पडून राहू देऊ नका. घरात कापूस भरून ठेवला असेल तर त्याच्याजवळ तर नकोच.