आधी नॉब पूर्ण फिरवून बघा

पंखा एकवर ठेवला तरी सुसाट फिरतो, दोनवर नुसता थांबून राहतो, नाहीतर बोर्डाला हात लावला की चांगलीच धग लागते. अशा वेळी ‘पंखा गेला’ म्हणून तो खाली उतरवायची घाई करू नका. नॉब शेवटच्या आकड्यावर न्या आणि पाहा. तिथे पंखा पूर्वीसारखा जोरात फिरत असेल, तर पंखा ठीक आहे आणि दोष रेग्युलेटरमध्ये आहे. पूर्ण वेगावरही तो रेंगाळत असेल, तर बहुधा पंख्याचा स्वतःचा कंडेन्सर उतरला आहे किंवा बेअरिंग जड झालं आहे. मग नवा रेग्युलेटर बसवून काहीच फरक पडणार नाही.

तापण्याचा अर्थ मात्र रेग्युलेटर कोणता आहे त्यावर ठरतो. जुन्या घरांतल्या मोठ्या चौकोनी डब्यात रेझिस्टन्सची तार गुंडाळलेली असते. पंख्याला कमी वीज मिळावी म्हणून उरलेली वीज ती तार उष्णतेत घालवते, म्हणून तो डबा गरम होणारच. धरून चला, तारेचा रोध ५०० ओहम आहे आणि तिच्यातून ०.२ अँपिअर प्रवाह जातो आहे. तर २० वॅट नुसते डब्यात जळतात. पंखा हळू केला तरी बिल फारसं कमी होत नाही, ते यामुळेच.

सलग फिरणाऱ्या नॉबचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर थोडा कोमट लागतो. त्यातला ट्रायॅक हा भाग शॉर्ट झाला, तर नॉब कुठेही ठेवा, पंखा पूर्ण वेगानेच फिरतो. असा रेग्युलेटर सरळ बदलावा.

आता बहुतेक ठिकाणी टक-टक करत पुढे सरकणारा, कंडेन्सरवर चालणारा रेग्युलेटर बसवतात. चार पायऱ्यांच्या अनेक रेग्युलेटरमध्ये दोनच कंडेन्सर असतात. एकवर लहान, दोनवर मोठा, तीनवर दोन्ही मिळून आणि चारवर पंख्याला थेट वीज. आता दोनवर पंखा बंद पडतो आणि तीनवर तो एकइतकाच हळू फिरतो, असं दिसलं, तर मोठा कंडेन्सर गेला आहे. बोर्ड न उघडता हे कळतं. या कंडेन्सरमधला धातूचा थर अतिशय पातळ असतो. व्होल्टेजच्या झटक्यांनी तो ठिकठिकाणी जळत जातो आणि क्षमता घटते. म्हणून पंखा एका रात्रीत बिघडत नाही, मधल्या पायऱ्या हळूहळू मंदावत जातात.

हा रेग्युलेटर तापायला नको. तापत असेल, तर आधी स्क्रूपाशी संशय घ्या. वायर सैल बसली की सांध्यावर उष्णता होते, इन्सुलेशन काळं पडतं, प्लास्टिक वितळल्याचा वास येतो. एका रेग्युलेटरवर दोन पंखे जोडले असतील, तरी असंच होतं.

बदलायचं काम छोटं आहे, पण शिस्तीने करायला हवं. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून तो पेटतो का, हे पाहा. मग त्या खोलीची एमसीबी पाडा, नाहीतर मेन स्विच बंद करा. नुसतं पंख्याचं बटण बंद करून भागत नाही, कारण काही घरांत फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतात आणि बटण बंद असूनही वायरमध्ये वीज राहते. बोर्ड उघडल्यावर पुन्हा टेस्टर लावा. कंडेन्सरमध्ये भार शिल्लक राहू शकतो, म्हणून काही मिनिटं थांबा आणि दोन्ही टोकांना एकदम हात लावू नका.

रेग्युलेटरला फक्त दोन वायर असतात. एक पंख्याच्या बटणाकडून येते, दुसरी वर पंख्याकडे जाते. सोडवण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. न्यूट्रल थेट पंख्याला जातो, रेग्युलेटरला तो कधीही जोडायचा नाही. जोडला आणि नॉब पूर्ण वेगावर असला, तर थेट शॉर्टसर्किट होतं. वायरचं टोक काळं पडलं असेल तर तेवढं कापून नवं सोला, स्क्रू घट्ट आवळा आणि हलकेच ओढून पाहा.

दुकानात जाताना जुना रेग्युलेटर सोबत न्या, म्हणजे बोर्डावर बसणारा आकार मिळेल. पाकिटावर लिहिलेले वॅट पंख्यापेक्षा जास्त असावेत. रिमोटवर चालणारा बीएलडीसी पंखा घेतला असेल, तर नवा रेग्युलेटर आणूच नका. त्याचा वेग पंख्यातच ठरतो, म्हणून जुना काढून वायर बटणावरून थेट द्या. आणि बोर्डातल्या वायरचं इन्सुलेशन हाताने चुरा होऊन पडत असेल, तर तिथेच थांबा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा.