नकाशावरची स्कूटर

पुण्यात डब्यांची मेस चालवणाऱ्या एका ताईंनी ॲप करून घ्यायचं ठरवलं. रोजचे दीडशे डबे, पोहोचवायला दुचाकीवरची चार पोरं. डेव्हलपरने विचारलं, ॲपमध्ये काय हवं? ताईंनी मोबाइल पुढे केला. जेवण घरपोच देणाऱ्या एका मोठ्या ॲपच्या नकाशावर स्कूटर सरकत होती. "अगदी या ॲपसारखं."

ती स्कूटर हलायची, तर पोराच्या खिशातल्या फोनला दर काही सेकंदांनी आपलं लोकेशन सर्व्हरला कळवत राहावं लागतं. बॅटरी भराभर उतरते. अनेक फोन बॅटरी वाचवायला मागे चाललेलं ॲप परस्पर बंद करतात. मग स्कूटर चौकातच अडकलेली दिसते आणि डबा मात्र दारात पोहोचलेला असतो. डेव्हलपरने हे सांगितलं, पण ताईंचा हट्ट सुटेना. "त्यांना जमतं, मग आपल्याला का नाही?"

प्रश्न रास्तच होता. उत्तर शोधायला डेव्हलपर दुपारी मेसमध्ये जाऊन बसला. बारा वाजल्यापासून ताईंचा फोन वाजत होता: "डबा निघाला का? अजून किती वेळ?" ताईंना खरं तर हे फोन थांबायला हवे होते. शिवाय एक मोठा फरक होता. त्या ॲपच्या माणसाकडे एका वेळी एखाद-दोन ऑर्डरी असतात. इथे एका पोराकडे चाळीसेक डबे. स्कूटर शेजारच्या गल्लीत दिसली, तरी मधे बारा घरं बाकी असू शकतात. गिऱ्हाईक नकाशा बघून आणखी चिडलं असतं.

म्हणून नकाशा वगळला. पोराला घरांची क्रमवार यादी दिली. डबा दिला की नावावर बोट टेकवायचं. त्यावरून पुढच्या घरी कळतं, "तुमच्या आधी पाच डबे." रेंज गेली तर नोंद फोनमध्ये राहते आणि नंतर जाते. यातही खोट आहेच: घाईत पोरं फेरी संपल्यावर सगळ्या नावांवर एकदम बोट फिरवतात. दहा डब्यांची वेळ एकाच मिनिटाची दिसली की ते ओळखता येतं.

पुढच्या आठवड्यात ताईंनी दुसरं ॲप दाखवलं. टॅक्सी रद्द करतात, तसा डबा एका बटणात रद्द व्हावा. बटण करणं सोपं होतं. पण रद्द झालेली टॅक्सी दुसरं भाडं घेते. शिजलेली भाजी कुठे जाणार? डेव्हलपरने ताईंची खाड्यांची वही मागितली. पोळ्यांची कणीक सकाळी सहाला भिजते, म्हणून खाडा आदल्या रात्री नऊपर्यंत कळवायचा, हा नियम वहीच्या पहिल्याच पानावर होता. नऊनंतर बटण दिसेनासं होईल, असं ठरलं. आणि करारात "त्या ॲपसारखं" या शब्दांच्या जागी ही दोन कामं तपशीलवार लिहिली गेली.